भेंडीला मीठ कधी?

मागच्या अंकातलं आमचं लिखाण वाचून एका वाचक भगिनीने विचारलं आहे की भेंडीची भाजी दर वेळी चिकट का होते, आणि हॉटेलातली भेंडी मात्र कोरडी, खुटखुटीत कशी असते. प्रश्न साधा दिसतो. पण याच प्रश्नापायी आमच्या घरात तीन डबे बंद झाले होते, म्हणून यंदाचं सदर त्यालाच देतो.

आमच्या धाकट्या जाऊबाई इथे शहापूरला डबे करून देतात. नागपूर-भंडारा रस्त्याच्या आजूबाजूला खोल्या घेऊन राहणारी शिकणारी मुलं, एक-दोन नोकरदार, असे मिळून चौदा डबे. त्या पैशांतून लेकीची कॉलेजची फी निघते, म्हणजे ही हौस नाही. मागच्या पावसाळ्यात भेंडी स्वस्त झाली तशी आठवड्यातून दोनदा डब्यात भेंडी जाऊ लागली आणि भेंडीच्या दिवशी डबे अर्धे भरलेलेच परत येऊ लागले. तोंडावर कोणी काही बोललं नाही. महिनाअखेरीस तीन मुलांनी मात्र "आता दुसरीकडे लावलाय डबा" म्हणून सांगितलं. जाऊबाई रात्री आमच्याकडे आल्या, परत आलेला एक डबा उघडून पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आपा, तुम्हीच सांगा, यात काय बिघडलं? अम्मी करायच्या तशीच तर करते."

डब्यात हिरवट-करडा गोळा होता. चमच्याने उचलला तर मागे तार लांबत गेली. चव वाईट नव्हती. पण सकाळी भरलेला डबा दुपारी एक वाजता उघडणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराला ती तार दिसल्यावर चवीपर्यंत तो जाणार कशाला?

आम्ही विचारलं, करता कशी ते सांगा. पहाटे पाच वाजता भेंडी धुवायची, लगेच विळीवर चिरायची, दोन किलो भेंडी जर्मनच्या मोठ्या गंजात तेल-जिऱ्याच्या फोडणीवर टाकायची, वरून हळद, तिखट, मीठ, आणि लवकर शिजावी म्हणून झाकण. पंधरा मिनिटांत भाजी तयार. यात चार चुका आहेत, पण एकदम चारही बदलल्या असत्या तर कोणती चूक किती महाग पडते हे कळलं नसतं. वर्गात प्रयोग शिकवताना आम्ही हेच सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून भेंडीच्या चार दिवसांत एकेक गोष्ट बदलून बघायचं ठरलं.

त्याआधी चिकटपणा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. भेंडी ही कापूस, अंबाडी आणि जास्वंदीच्या कुळातली. जास्वंदीचं पान हातात चोळलं की जो बुळबुळीतपणा लागतो, तोच भेंडीच्या आत असतो. तो तिथे थोडाच असतो, पण पाणी मिळालं की ते शोषून फुगतो आणि पसरतो. म्हणजे आपण जिला चिकट भेंडी म्हणतो तिच्यात चिकट पदार्थ जास्त नसतो, त्याला पाणी जास्त मिळालेलं असतं. हा गुण सगळीकडे नकोसा असतो असंही नाही. कोल्हापूरकडे गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना रानभेंडीचा चिकट रस काहिलीत टाकतात. तो मळी धरून वर आणतो आणि गूळ स्वच्छ निघतो. काहिलीत पाणीच पाणी असतं म्हणून तिथे हा चिकटपणा कामाला येतो. कढईत आपल्याला नेमकं त्याच्या उलट हवं असतं.

तर पहिला दिवस. बदल एवढाच केला की भेंडी रात्रीच धुतली. आख्खीच धुवायची, देठासकट, चिरल्यावर कधीही नाही. मग जुन्या सुती लुगड्यावर पसरून पंख्याखाली ठेवली. पहाटे एकेक भेंडी फडक्याने पुसली, कारण देठाच्या टोपीखाली आणि उभ्या शिरांमधल्या खाचांत पाणी रात्रभर पंखा असूनही राहतं. विळी कोरडी, पाट कोरडा, हात कोरडे. दर दहा-बारा भेंड्यांनंतर विळीचं पातं पुसून घेतलं, कारण पात्यावर चढलेली चिकटी पुढच्या भेंडीला लागते. तुकडे साधारण करंगळीच्या नखाएवढे जाड ठेवले. पूर्वी जाऊबाई अगदी पातळ चकत्या करायच्या. लवकर शिजतात हे खरं, पण जितके काप जास्त तितका आतला भाग जास्त उघडा पडतो आणि तितकी चिकटी बाहेर येते. चिरलेली भेंडी परातीत पसरून पुन्हा वीस मिनिटं पंख्याखाली ठेवली. बाकी सगळं जुनंच, तोच गंज, तेच मीठ, तेच झाकण. फरक पडला, पण अर्धामुर्धाच. तार तुटू लागली होती, गोळा मात्र कायम होता.

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं. झाकणाला आतून जमलेले थेंब तुम्ही पाहिले असतीलच. भेंडीतून निघालेली वाफ वर थंड होते आणि पाणी बनून पुन्हा भेंडीवरच पडते. झाकण काढल्यावर भाजी थोडी सुटी झाली, पण रंग करडाच राहिला आणि खाली पाणी दिसत राहिलं. ते पाणी आम्ही घातलेलं नव्हतं, भेंडीचंच होतं. भेंडीच्या वजनात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी असतं. दोन किलो भेंडी एका गंजात एकावर एक पडली की खालच्या थरातून निघालेली वाफ वरच्या थरात अडकते. मग खाली कितीही मोठी आच लावा, ते तळणं नसतं, उकडणं असतं. भांड्यात पाणी शिल्लक आहे तोवर भेंडीचा पृष्ठभाग पाण्याच्या उकळीपेक्षा जास्त तापतच नाही, आणि त्याशिवाय कडा तांबूस होणार नाहीत.

म्हणून तिसरा दिवस कढईचा. घरातली लोखंडी कढई आणि शेजारून आणलेला मोठा उथळ तवा, अशा दोन शेगड्या लावल्या. दोन किलो भेंडी एका वेळी न घालता अर्धा-अर्धा किलोच्या चार घाण्यांत केली. एका घाण्याला चार मोठे चमचे तेल. आधी रिकामी कढई मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं तापू दिली, मग तेल घातलं. तेल पाण्यासारखं पातळ होऊन कडेला हलकं थरथरू लागलं की एक तुकडा टाकून बघायचा. पडताक्षणी त्याच्या भोवती बुडबुडे उठून चर्र आवाज आला तर वेळ झाली. तुकडा गुपचूप पडून राहिला तर अजून थांबा. धूर निघू लागला तर मात्र आच कमी करा, नाहीतर कडा जळतील आणि आत कच्चं राहील.

भेंडी टाकल्यावर सराट्याने एकदा पसरवली आणि दोन मिनिटं हात लावला नाही. हे सगळ्यांत अवघड जातं. आपल्याला सतत ढवळायची सवय असते, आणि कोवळ्या तुकड्यांवर सराटा फिरवत राहिलं की ते चेचले जातात. दोन मिनिटांनी खालची बाजू वर केली. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तारा दिसू लागल्या. जाऊबाई घाबरल्या, "बघा आपा, झाली चिकट." आम्ही म्हटलं, थांबा. या टप्प्यावर तारा येतातच. घाबरून आच कमी केली, पाण्याचा हबका मारला किंवा मीठ टाकलं की संपलं. आच मध्यम-मोठी ठेवून दर मिनिट-दीड मिनिटाने एकदाच उलटायचं. सातव्या-आठव्या मिनिटाला तारा कमी होतात, दहाव्याला तुकडे एकमेकांना सोडून कढईत सुटे घसरू लागतात. आवाजही बदलतो. सुरुवातीचा ओला चर्र आवाज जाऊन कोरडा, बारीक तडतड येतो. आम्हाला घड्याळापेक्षा हा आवाज जास्त भरवशाचा वाटतो, कारण भेंडी किती कोवळी आणि आच किती, यावर मिनिटं बदलतात. या वेळी भेंडी कडेला सारून मध्ये चमचाभर तेलात ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची टाकली. आधीच टाकली असती तर बारा मिनिटांत लसूण काळा पडला असता. कांदा हवा असेल तर तो वेगळ्या भांड्यात परतून शेवटी मिसळावा. कांदाही भरपूर पाणी सोडतो.

तिसऱ्या दिवशी भाजी पहिल्यांदा भाजीसारखी दिसली. पण जाऊबाईंनी सवयीने पहिल्या घाण्यात मीठ सुरुवातीलाच टाकलं होतं, आणि तो घाणा बाकीच्या तिघांपेक्षा ओलसर राहिला. ते पाहून चौथ्या दिवशी मिठाचा नीट फडशा पाडायचा ठरवलं.

पावपाव किलोचे दोन वाटे केले, एकाच ढिगातले, एकाच वेळी चिरलेले. एकावर चिरल्याबरोबर अर्धा चमचा मीठ चोळून परातीत ठेवलं, दुसरा तसाच. दहा मिनिटांनी मिठाचा वाटा हाताने हलवून पाहिला तर बोटांना तारा लागल्या आणि परात ओली झाली होती. बिनमिठाचा वाटा कोरडा. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं, हे लोणच्याच्या कैरीला मीठ लावणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. भेंडीत ते पाणी बाहेर येताना वाटेत चिकटीला भेटतं, एवढाच फरक. दोन्ही वाटे एकामागून एक त्याच कढईत, त्याच आचेवर केले. बिनमिठाचा अकरा मिनिटांत सुटा झाला आणि मग आच बंद करून त्यात मीठ मिसळलं. मिठाच्या वाट्याला सतरा मिनिटं लागली, तोवर तुकडे आक्रसून मऊ झाले होते आणि कडा तांबूस व्हायच्या ऐवजी करड्या पडल्या होत्या. जाऊबाईंनी दोन्ही ताटल्यांतला एकेक तुकडा खाल्ला आणि पुढे काही विचारलं नाही.

मीठ शेवटी घालायचं तर त्याचं मापही बदलतं. कच्च्या भेंडीचा ढीग बघून मीठ घेतलं तर हमखास खारट होतं, कारण कढईत ती जवळजवळ निम्मी होते. शिवाय शेवटी घातलेलं मीठ आत न मुरता वरच राहतं आणि जिभेला आधी लागतं. आम्ही अर्ध्या किलो कच्च्या भेंडीला पाऊण लहान चमचा बारीक मीठ घेतो. खडे मीठ इथे चालत नाही, विरघळायला पाणीच नसतं. आणखी एक लपलेली चूक सांगतो. चाट मसाल्यात मीठ असतं, बाजारच्या काही तयार मसाल्यांतही असतं. "आम्ही मीठ शेवटीच घालतो तरी चिकट होते" म्हणणाऱ्यांनी पाकिटावरचा मजकूर एकदा वाचून बघावा.

लिंबू, आमचूर, दही, चिंच यांच्या आंबटपणाने चिकटी कमी होते, हे खरं आहे. आखाती देशांत राहून आलेल्या नातेवाइकांनी बामिया खाल्ला असेल. बामिया म्हणजे भेंडीच. तिकडे बोटाच्या दोन पेरांएवढी लहान भेंडी घेतात आणि देठ असा तासतात की आतल्या बिया उघड्या पडत नाहीत. मग ती आख्खीच तेलात परतून टमाटे-लिंबाच्या आंबट रश्श्यात सोडतात. न कापणं आणि आंबट घालणं, या दोन युक्त्यांवर तो रस्सा उभा आहे. पण कुरकुरीत भेंडीत लिंबाचा रस म्हणजे पुन्हा पाणीच. कढईत टाकायचा असेल तर कोरडा आमचूर अर्धा चमचा, तोही शेवटच्या दोन मिनिटांत. लिंबाची फोड ताटात द्यावी. आणि लोखंडी कढई असेल तर आंबट कढईत घालूच नका, भाजी काळपट होते. आंबटाशिवायही लोखंडात भेंडी जरा काळवंडते. भाजी झाल्याबरोबर परातीत काढली तर फार नाही.

आता डब्याचा प्रश्न, कारण जाऊबाईंची खरी अडचण तीच होती. गरम भेंडी डब्यात भरून झाकण लावलं तर वरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं, अगदी शब्दशः. वाफ डब्यात कोंडते, झाकणावर जमते, खाली टपकते आणि वरचं मीठ ते ओढून घेतं. म्हणून भेंडी परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायची, मीठ भरण्याच्या आधी पाच मिनिटं मिसळायचं आणि भेंडीच्या पुडात वरण किंवा गरम पोळी शेजारी ठेवायची नाही. इतकं करूनही सकाळी सातला भरलेली भेंडी दुपारी कुरकुरीत राहणार नाही. ती सुटी राहील, कोरडी राहील, तार येणार नाही. डब्यासाठी तेवढंच शक्य आहे.

खरी कुरकुरीत भेंडी घरच्या दस्तरखानावरच, कढईतून ताटात. तिची रीत वेगळी. पाव किलो भेंडीचे उभे चार-चार काप करायचे, बिया गळाल्या तर गळू द्यायच्या. त्यावर दोन मोठे चमचे बेसन, एक मोठा चमचा तांदळाचं पीठ, तिखट, हळद. मीठ नाही, पाणी अजिबात नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात तांदळाला काय तोटा! हे पीठच कुरकुरीतपणा धरून ठेवतं, नुसत्या बेसनाचा थर लवकर मऊ पडतो. भेंडीच्या अंगच्या ओलीवर पीठ जेवढं चिकटेल तेवढं चिकटू द्यायचं, उरलेलं झटकून टाकायचं आणि लगेच तळायला घ्यायचं. पीठ लावून अर्धा तास ठेवली तर त्याचा लगदा होतो. भरपूर तेलात, मध्यम-मोठ्या आचेवर, तीन घाणे. टाकल्यावर तेलात बुडबुड्यांचा दंगा उठतो, तो म्हणजे भेंडीतलं पाणी निघतंय. बुडबुडे विरळ झाले, काप हलके होऊन तरंगले आणि झाऱ्यावर घेऊन हलवल्यावर खुळखुळले की काढायचे. कागदावर एक थर पसरवायचे, ढीग करायचा नाही, आणि मीठ, चाट मसाला सगळे जेवायला बसले की वरून. रमजानमध्ये अनेक घरांत ही भेंडी अस्रनंतर तळून झाकून ठेवतात आणि इफ्तारला ती मऊ लागते. पीठ आणि काप वेगवेगळे तयार ठेवावेत, तळायला दहा मिनिटं आधी घ्यावी.

आणि हे सगळं कोवळ्या भेंडीसाठी. शेंडा बोटाने वाकवून बघा, कट्कन तुटला तर घ्या, नुसता वाकला तर ती जून आहे. फूल गळल्यानंतर पाच-सहा दिवसांत तोडलेली भेंडी कोवळी असते. पावसाने तोडणी दोन-तीन दिवस लांबली की बाजारात टपोरी, दिसायला छान भेंडी येते आणि ती कढईत कधीच नीट होत नाही, रेषा दातात राहतात. तशी आली तर तिची चिंच घालून आंबट भाजी करावी, तळण्याचा नाद सोडावा. आमच्याकडचे काही शेतकरी अजून परभणी क्रांतीचं नाव काढतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ही जात पिवळ्या शिरांच्या रोगाला टिकते म्हणून गाजली. ग्राहक म्हणून आम्हाला जातीपेक्षा तोडणीचा दिवस महत्त्वाचा वाटतो, आणि भाजीवालीला "आज तोडली का काल?" विचारलं तर ती बहुतेक वेळा खरं सांगते.

जाऊबाईंचा हिशेबही सांगायला हवा. पूर्वी पंधरा मिनिटांत होणाऱ्या भाजीला आता दोन शेगड्यांवर मिळून जवळजवळ अर्धा तास लागतो, तेलही जास्त जातं आणि भाजी आटते म्हणून चौदा डब्यांना दोन किलोऐवजी अडीच किलो भेंडी घ्यावी लागते. म्हणून आठवड्यातून दोनदाची भेंडी त्यांनी एकदाच केली आणि दुसऱ्या दिवशी चवळीच्या शेंगा लावल्या. बंद झालेल्या तीन डब्यांपैकी दोन परत सुरू झाले आहेत. तिसरा मुलगा गावी निघून गेला. परवा एका डब्यातून चिठ्ठी आली होती, "भेंडी थोडी जास्त द्या." जाऊबाई ती चिठ्ठी आमच्याकडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आपा, जास्त द्यायची तर पाचवा घाणा काढावा लागेल, आणि तोवर मुलांची कॉलेजला जायची वेळ होते." त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. तिसरी शेगडी घ्यावी की डब्याचे पैसे वाढवावेत, यावर आमच्या घरात सध्या वाद चालू आहे.